बाटलीवरच्या टक्केवारीवरून केलेले ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल अनुमापनात जास्त का भरते?

परिचर_सांगली

मी सांगली जिल्ह्यातील एका वरिष्ठ महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत काम करतो. प्रात्यक्षिक परीक्षेसाठी ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल करायचे होते. नवीन बाटलीच्या लेबलवर 'किमान ३५ टक्के' आणि 'घनता सुमारे १.१८' असे छापलेले आहे. मी हिशेब असा केला : एक लिटर आम्लाचे वजन ११८० ग्रॅम, त्याचे ३५ टक्के म्हणजे ४१३ ग्रॅम, त्याला ३६.४६ ने भागले की ११.३३ नॉर्मल. म्हणून एक लिटर ०.१ नॉर्मल द्रावणासाठी ८.८३ मिली आम्ल अंशांकित पिपेटने घेतले, अर्ध्या भरलेल्या प्रमाणित फ्लास्कमधील पाण्यात सोडले आणि थंड झाल्यावर खुणेपर्यंत पाणी भरले.

त्यानंतर लिटरमध्ये ५.३०० ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेट असलेल्या द्रावणाचे २५ मिली घेऊन मिथिल ऑरेंज वापरून अनुमापन केले. ब्युरेटमधून २५ मिली आम्ल जायला हवे होते, परंतु तिन्ही वाचने २४.० च्या आसपास आली. म्हणजे आम्ल ०.१०४२ नॉर्मल भरले. हिशेबात चूक दिसत नाही आणि फ्लास्क व पिपेट दोन्ही चांगल्या प्रतीचे आहेत. मग चार टक्क्यांचा हा फरक कुठून आला, आणि मी लेबल मानावे की ब्युरेट, याबद्दल जाणकारांनी सांगावे.

निळा_लिटमस

सर, संहत हायड्रोक्लोरिक आम्ल नेहमी १२ नॉर्मल असते, म्हणून हा हिशेब दरवेळी करण्याची गरजच नाही. सल्फ्युरिक ३६, हायड्रोक्लोरिक १२ आणि नायट्रिक १६ एवढे तीन आकडे पाठ ठेवले की काम होते. १२ ने भागले तर ८.३ मिली येते. तुम्ही अर्धा मिली जास्त घेतला, म्हणून द्रावण तीव्र झाले.

अनुमापक

निळा_लिटमस यांनी फरकाची दिशा बरोबर सांगितली आहे, परंतु कारण तेवढे सरळ नाही. १२ हा आकडा ३७ टक्के आणि १.१९ या जोडीतून येतो. तसे लेबल असलेल्या बाटलीसाठी तो चालतो, आणि यांच्या बाटलीवर तसे लिहिलेले नाही. सल्फ्युरिकचे ३६ मात्र ९८ टक्के आणि १.८४ या जोडीतून बऱ्यापैकी जमते. तेथे नेमका आकडा ३६.८ येतो.

परिचर साहेब, तुमचा भागाकार बरोबर आहे, पण त्यात घेतलेल्या दोन संख्या एकाच द्रवाच्या नाहीत. २० अंश सेल्सिअसला १.१८० घनता असलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात वजनाने ३५ टक्के नव्हे, तर ३६.२ टक्क्यांच्या जवळपास आम्ल असते. घनतेच्या कोष्टकात ३४ टक्क्यांना १.१६९, ३६ टक्क्यांना १.१७९ आणि ३८ टक्क्यांना १.१८९ असे आकडे सापडतात, आणि त्यावरून ३५ टक्क्यांना १.१७४ हवी. लेबलवरचे 'किमान ३५' हे उत्पादकाने दिलेले खालचे टोक आहे. यापेक्षा कमी नाही एवढीच त्याची हमी. घनता मात्र बाटलीत साधारणपणे जे भरले जाते त्याची छापलेली असते. आपण खालच्या टोकाची टक्केवारी आणि सर्वसाधारण घनता यांचा गुणाकार केला, की संहत आम्ल प्रत्यक्षापेक्षा दुबळे धरले जाते आणि म्हणून ते जास्त घेतले जाते.

३६.२ टक्के धरून तोच हिशेब केला तर मूळ आम्ल ११.७२ नॉर्मल येते, आणि त्याचे ८.८३ मिली एक लिटरमध्ये गेले तर द्रावण ०.१०३५ नॉर्मल होते. म्हणजे तुमच्या ४.२ टक्के वाढीपैकी साडेतीन टक्के लेबल वाचण्याच्या पद्धतीतून आली आहे. राहिलेल्या पाऊण टक्क्याबद्दल मला तुमच्या कार्बोनेटवर संशय आहे. ते वाळवले होते का, आणि किती अंशांवर?

परिचर_सांगली

कार्बोनेट बाटलीतून थेट काढून तोलले होते. बाटलीवर 'निर्जल' लिहिले आहे, म्हणून वेगळे वाळवले नाही.

अनुमापक

निर्जल सोडियम कार्बोनेटची बाटली एकदा उघडली, की ते हवेतील ओलावा घेऊ लागते. तोललेल्या ५.३०० ग्रॅममध्ये एक टक्का पाणी असेल, तर प्रत्यक्ष कार्बोनेट तेवढे कमी भरते, ते उदासीन करायला आम्ल कमी लागते, आणि ब्युरेटमधील कमी वाचनामुळे आम्ल आहे त्यापेक्षा तीव्र वाटते. म्हणजे लेबलचा दोष आणि ओलाव्याचा दोष एकाच दिशेने काम करतात आणि एका अनुमापनातून ते वेगळे करता येत नाहीत.

कार्बोनेट २६० ते २७० अंशांवर अर्धा-एक तास तापवून शोषकपात्रात थंड करावे. बहुतेक महाविद्यालयांतील ओव्हन २५० अंशांपुढे जात नाही, म्हणून चिनी मातीच्या मुशीत घेऊन वाळूपात्रावर तापवावे आणि थर्मामीटरचा फुगा वाळूत मुशीच्या पातळीला ठेवावा. ३०० अंशांच्या वर मात्र जाऊ देऊ नये, कारण तेथे थोडा कार्बन डायऑक्साइड निघून जाण्याचा धोका असतो.

भूशास्त्र_आणि_चहा

माझा अनुभव वेगळा आहे. आम्ही काळ्या मातीतील चुनखडीचे खडे ओळखण्यासाठी 'दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल' कुपीत घेऊन हिंडतो आणि ते करताना एक भाग संहत आम्ल नऊ भाग पाण्यात घालतो. त्यात आजवर कधी टक्केवारीचा किंवा घनतेचा प्रश्न आला नाही. आपण येथे उगाच फार खोलात जात आहोत असे वाटते.

अनुमापक

तुमच्या कामासाठी ते पुरेसे आहे, कारण खड्यावर बुडबुडे आले की नाही एवढेच पाहायचे असते. परंतु त्या द्रावणाला दहा टक्के म्हणणे केवळ सवयीचे आहे. दहा मिली संहत आम्लात प्रत्यक्ष सव्वाचार ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड असते, म्हणून शंभर मिली केल्यावर ते वजन-आकारमानाने ४.३ टक्के होते. प्रत्येक शंभर मिलीत दहा ग्रॅम हवे असेल, तर याच बाटलीतील २३.४ मिली आम्ल घ्यावे लागेल. कोणी कागदावर नुसते 'दहा टक्के' लिहिले असेल, तर ते वजनाला वजन, आकारमानाला वजन की आकारमानाला आकारमान, हे विचारल्याशिवाय हात लावू नये असा माझा शिरस्ता आहे.

दूधसंघवाला

माझा प्रश्न सल्फ्युरिक आम्लाचा आहे, पण मुद्दा जवळचा असल्यामुळे येथेच विचारतो. आमच्या दूध संकलन केंद्रावर गर्बर पद्धतीने फॅट काढण्यासाठी ९० ते ९१ टक्के सल्फ्युरिक आम्ल लागते. २७ अंशांवर त्याची घनता १.८०७ ते १.८१२ असावी लागते. तयार आम्ल संपल्यावर ९८ टक्क्यांच्या आम्लात पाणी मिसळून ते करायचे ठरले. आमच्या एका सहकाऱ्याने शंभर मिलीला आठ मिली पाणी असे प्रमाण धरले, कारण ९८ वजा ९० म्हणजे आठ. नंतर हायड्रोमीटरने पाहिले, तर घनता १.८३ च्या वर राहिली आणि ब्युटिरोमीटरमध्ये फॅटच्या थराखाली काळे कण दिसू लागले. पाणी नेमके किती घालावे?

निळा_लिटमस

९८ टक्क्यांचे ९०.५ टक्के करायचे आहे, म्हणून ९८ भागिले ९०.५ म्हणजे १.०८३. तेव्हा एक लिटर आम्लाचे १०८३ मिली करावे लागेल आणि ८३ मिली पाणी घालावे लागेल. तुमच्या सहकाऱ्याचे आठ मिलीचे प्रमाण त्याच्या जवळच आहे, म्हणून मला वाटते तुमचा हायड्रोमीटर चुकीचे दाखवतो.

अनुमापक

गुणोत्तर बरोबर आहे, पण ते वजनाला लागू आहे, आकारमानाला नाही. ही टक्केवारी वजनाला वजन आहे. एक लिटर ९८ टक्के आम्लाचे वजन १८४० ग्रॅम. त्याचे १.०८३ पट केले की सुमारे १९९२ ग्रॅम होते, म्हणजे पाणी १५२ ग्रॅम लागते. ८३ मिली पाण्यात आम्ल ९३ ते ९४ टक्क्यांवरच थांबते आणि घनता १.८३ च्या जवळ राहते. दूधसंघवाल्यांचा हायड्रोमीटर तेच सांगत होता. काळे कणही त्याचेच लक्षण आहे. आम्ल जास्त तीव्र असले की ते दुधातील पदार्थ जाळते.

आणखी एक गोष्ट सांगतो. १००० मिली आम्ल आणि १५२ मिली पाणी मिसळल्यावर ११५२ मिली भरत नाही. १९९२ ग्रॅमला १.८१ ने भागून पाहा. थंड झाल्यावर ते सुमारे ११०० मिलीच भरेल. मिसळताना द्रव जवळपास ५० मिली आक्रसतो. म्हणून सल्फ्युरिक आम्लाच्या बाबतीत आकारमानांची बेरीज-वजाबाकी करणारा प्रत्येक हिशेब संशयास्पद मानावा. ०.१ नॉर्मलसारख्या विरल द्रावणात हे जाणवत नाही, कारण तेथे आपण शेवटी खुणेपर्यंत पाणी भरतो आणि आक्रसलेला भाग आपोआप भरून निघतो.

आता कृती. एवढ्या थोड्या पाण्यात एवढे आम्ल मिसळणे धोक्याचे आहे, कारण मिश्रण सहज शंभर अंशांच्या वर तापू शकते. १५२ मिली पाणी जाड भिंतीच्या नव्हे, तर उष्णतारोधक काचेच्या मोठ्या बीकरमध्ये घ्यावे, बीकर बर्फाच्या पाण्यात ठेवावा आणि आम्ल थोडे थोडे, ढवळत, दोन खेपांच्या मध्ये थंड होऊ देत सोडावे. आम्लात पाणी कधीही घालू नये. चेहऱ्यावर पारदर्शक ढाल आणि हातात आम्लरोधक मोजे असावेत. एका वेळी अर्धा लिटरपेक्षा जास्त न करणे आणि पाणीही त्याच प्रमाणात कमी घेणे शहाणपणाचे. पूर्ण थंड झाल्यावर २७ अंशांवर घनता पाहावी. ती जास्त आली, तर हे आम्ल पुन्हा थोड्याशा पाण्यात वरील पद्धतीने सोडावे. कमी आली, तर ९८ टक्क्यांचे आम्ल घालावे.

काचेची_नळी

मी औषध कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात आहे. आमच्याकडे या हिशेबाला एवढे महत्त्व देत नाहीत. अमेरिकन फार्माकोपियात १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लासाठी ८५ मिली संहत आम्ल पाण्याने १००० मिली करायला सांगितले आहे, आणि पुढे लगेच प्रमाणीकरण दिलेले आहे. ८५ मिली घेतले की द्रावण १ नॉर्मलच्या जवळपास पोहोचते आणि खरा आकडा अनुमापनातून येतो. लेबलवर आम्ही '०.१ नॉर्मल, गुणक १.०३१' अशा पद्धतीने लिहितो आणि प्रत्येक वाचनाला त्या गुणकाने गुणतो. द्रावण नेमके ०.१००० करण्यासाठी पाणी घालत बसत नाही.

परिचर साहेबांनी केलेली खटपट मात्र मला आवडली, कारण हिशेब आणि अनुमापन यांत चार टक्क्यांचा फरक आला तर आमच्याकडेही तो तपासावाच लागतो. अशा वेळी दुसऱ्या प्रमाणित पदार्थाने पडताळा घ्यावा. बोरॅक्स त्यासाठी चांगले, कारण त्याचा दोष उलट दिशेला जातो : कोरड्या हवेत त्याच्या स्फटिकातील पाणी उडते, तोललेल्या वजनात बोरॅक्स जास्त भरतो, आम्ल जास्त लागते आणि आम्ल दुबळे वाटते. ०.४७६७ ग्रॅम बोरॅक्सला ०.१ नॉर्मलचे २५ मिली आम्ल लागते. सूचक मिथिल रेड घ्यावा. दोन्ही पदार्थांतून आलेले आकडे जवळ असतील, तर खरा आकडा त्यांच्यामध्ये असण्याची शक्यता जास्त.

अनुमापक

उत्तम सूचना. मिथिल ऑरेंजचा रंग नारिंगीऐवजी लालसर होईपर्यंत थांबण्याची सवय असेल, तर आम्ल जास्त जाते आणि ते दुबळे भासते. म्हणजे तो दोष परिचर साहेबांच्या निरीक्षणाच्या उलट दिशेचा आहे आणि येथे कारण म्हणून घेता येत नाही.

पेलेट्स_आणि_पाऊस

या धाग्यावर घन पदार्थाबद्दल विचारले तर चालेल का? आमच्या बाटलीवर सोडियम हायड्रॉक्साइड ९७ टक्के आहे. एक लिटर ०.१ नॉर्मलसाठी ४ ग्रॅमऐवजी ४ भागिले ०.९७, म्हणजे ४.१२ ग्रॅम घेतले. शुद्धतेची दुरुस्ती केल्यानंतरही द्रावण ०.०९६ आले. मग दुरुस्तीला अर्थ काय?

अनुमापक

शुद्धतेने भागण्याची रीत बरोबर आहे, पण ती अशा पदार्थांना शोभते ज्यांचे वजन तोलताना स्थिर राहते. मोरचूद घ्या. ०.१ मोलर द्रावणासाठी पंचजलीय स्फटिकांचे लिटरला २४.९७ ग्रॅम लागतात, बाटलीवर ९८.५ टक्के असेल तर २५.३५ ग्रॅम घ्यावेत, आणि ती दुरुस्ती खरी ठरते. फक्त बाटली पंचजलीय आहे ना, एवढे पाहावे. निर्जल पांढऱ्या भुकटीचे तेवढेच ग्रॅम घेतले तर द्रावण ०.१५६ मोलर होते, आणि ही चूक शुद्धतेच्या दीड टक्क्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.

सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या मात्र पावसाळ्यात तोलकाट्यावरच ओल्या होतात आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन पृष्ठभागावर कार्बोनेट तयार करतात. बाटलीवरचे ९७ टक्के बाटली भरल्या दिवसाचे असतात, तुम्ही तोलता त्या दिवसाचे नाहीत. तोलून नेमके द्रावण करण्याचा प्रयत्न येथे सोडून द्यावा. गोळ्या आणि पाणी समान वजनाने घेऊन पॉलिथीनच्या बाटलीत संहत द्रावण करावे. विरघळताना ते खूप तापते, म्हणून बीकर थंड पाण्यात ठेवून करावे. ५० टक्क्यांच्या या द्रावणात कार्बोनेट विरघळत नाही आणि काही दिवसांत तळाशी बसते. वरचा नितळ भाग सुमारे १९ नॉर्मल असतो. त्यातले सव्वापाच मिली उकळून थंड केलेल्या पाण्यात घालून लिटर करावे आणि पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने प्रमाणित करावे. त्याचे ०.५१०६ ग्रॅम घेतले, तर ०.१ नॉर्मलचे २५ मिली लागतात.

पेलेट्स_आणि_पाऊस

धन्यवाद. पण आमच्या वर्गात परीक्षक 'तोलून केलेले द्रावण' पाहतात आणि विद्यार्थ्यांना ४ ग्रॅमचा हिशेब लिहावा लागतो.

काचेची_नळी

हिशेब लिहू द्यावा, परंतु उत्तरपत्रिकेत 'सुमारे ०.१ नॉर्मल' असे लिहायला सांगावे.

परिचर_सांगली

सांगितल्याप्रमाणे सर्व करून पाहिले. कार्बोनेट वाळूपात्रावर तापवून पुन्हा द्रावण केले. २५ मिलीसाठी आम्ल सरासरी २४.२५ मिली लागले, म्हणजे ०.१०३१ नॉर्मल. बोरॅक्स आमच्या जुन्या बाटलीतील होते, ०.४७६७ ग्रॅमसाठी २४.३२ मिली लागले, म्हणजे ०.१०२८. विद्यार्थ्यांसाठी लेबलवर ०.१०३ लिहिले आहे.

मूळ आम्लाची घनताही हायड्रोमीटरने पाहिली. २८ अंशांवर १.१७५ आली. तापमान वाढले की घनता कमी होते हे लक्षात घेऊन २० अंशांवर ती १.१८ च्या जवळ जाईल असे मला वाटते. मग ०.१०३५ यायला हवे होते, ०.१०३१ आणि ०.१०२८ का आले?

अनुमापक

तुमचा तर्क योग्य आहे, पण हायड्रोमीटरच्या क्षमतेपेक्षा जास्त अपेक्षा ठेवली आहे. हायड्रोक्लोरिक आम्लात दोन टक्क्यांनी घनता केवळ ०.०१ ने बदलते. हायड्रोमीटर ०.००२ ने चुकला, तर टक्केवारी ०.४ ने चुकते, म्हणजे नॉर्मलता एक टक्क्याहून अधिक चुकते. शिवाय तापमानाची दुरुस्ती आपण अंदाजे केली आहे आणि ८.८३ मिली अंशांकित पिपेटने घेताना अर्धा टक्का सहज जातो. अर्ध्या टक्क्याचा फरक या सगळ्यात सामावतो.

घनता नेमकी हवी असेल, तर झाकण असलेल्या कोनिकल फ्लास्कमध्ये थोडे पाणी घालून तोलावे, फ्यूम हूडमध्ये त्यात पिपेटच्या रबरी फुग्याने १० मिली आम्ल घ्यावे, झाकण लावून पुन्हा तोलावे. दोन वजनांतील फरकाला १० ने भागले की घनता मिळते. तेच द्रावण पुढे विरल करून अनुमापन केले की त्याच नमुन्याची वजनाने टक्केवारीही मिळते, आणि मग लेबलची गरज उरत नाही.

निळा_लिटमस

मग सल्फ्युरिकसाठीही हायड्रोमीटर वापरून टक्केवारी काढता येईल, नाही का? दूधसंघवाल्यांनी तसेच केले.

अनुमापक

त्यांच्या ९० टक्क्यांच्या भागात येते, कारण तेथे टक्केवारी बदलली की घनता बदलते. पण ९५ टक्क्यांपुढे घनतेची रेषा जवळपास सपाट होते. २० अंशांवर ९६ टक्क्यांना १.८३५५, ९७ ला १.८३६४ आणि ९८ ला १.८३६१, १०० टक्क्यांना ती पुन्हा १.८३०५ वर उतरते. एकाच घनतेला दोन टक्केवाऱ्या जुळतात, म्हणून ९८ टक्के लेबलचे आम्ल हायड्रोमीटरने तपासणे व्यर्थ आहे. तेथे अनुमापनच करावे. एक लिटर ०.१ नॉर्मलसाठी २.७२ मिली लागते; ४.९ ग्रॅमच्या जागी ४.९ मिली घेणारे दरवर्षी भेटतात आणि त्यांचे द्रावण ०.१८ नॉर्मल होते.

दूधसंघवाला

आज १५२ ग्रॅमचे प्रमाण धरून बर्फात करून पाहिले. पाऊण तास लागला. २७ अंशांवर १.८०९ मिळाले, आणि दोन ब्युटिरोमीटरमध्ये थर स्वच्छ दिसला. तिसऱ्यात थोडे काळे कण राहिले. तो दुधाचा नमुना म्हशीचा होता.

काचेची_नळी

तिसऱ्याचे कारण आम्लच असेल असे नाही. आम्ल आणि दूध एकमेकांवर अलगद न सोडता मिसळत गेले तरी तसे होते. तोच नमुना पुन्हा चालवून पाहा.

परिचर_सांगली

माझ्याकडून एक शेवटचे विचारतो. ही बाटली उघडून झाली आहे आणि पुढच्या सत्रातही वापरायची आहे. तेव्हाही ११.७ नॉर्मल धरून हिशेब करावा काय?

अनुमापक

धरू नये. प्रत्येक वेळी झाकण उघडले की हायड्रोजन क्लोराइड निघून जातो आणि आम्ल हळूहळू दुबळे होते. किती दुबळे होईल हे झाकण, तापमान आणि बाटलीतील रिकामी जागा यांवर अवलंबून असते, म्हणून त्याचा आकडा आधी सांगता येत नाही. सत्राच्या सुरुवातीला ८.५ मिली घेऊन द्रावण करावे, वाळवलेल्या कार्बोनेटवर ते प्रमाणित करावे आणि बाटलीवर तारखेसह तो आकडा चिकटवावा.

काचेची_नळी

मी मात्र ८.७ घेईन. द्रावण थोडे तीव्र आले तर पाणी घालून खाली आणता येते. दुबळे आले तर पुन्हा संहत आम्ल हाताळावे लागते. ९०० मिली उरले असेल आणि ०.१०३१ भरले असेल, तर २८ मिली पाणी पुरते.

अनुमापक

तेही चालेल, पाणी घातल्यावर पुन्हा एकदा प्रमाणित केले म्हणजे झाले.